पेपर तपासून झाल्यावर

पेपर तपासून झाले की शिक्षकाचं काम संपलं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. गुण यादीत चढवायचे, गठ्ठ्याला सुतळी बांधायची आणि गठ्ठा कपाटावर टाकायचा. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं काम सुतळी बांधायच्या वेळेला सुरू व्हायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवायला लागलो तेव्हा बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांच्याकडून मी पुष्कळ घेतलं. त्यातलं एकच सांगायचं तर हे सांगेन की, परीक्षेनंतर मुलांना गुण देतो तसे प्रश्नांनाही गुण द्यायचे असतात. ते कसे द्यायचे, हे त्यांनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या लांब टेबलापाशी मला बसवून शिकवलं. हे ऋण कुठल्या वहीत मांडलेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

सूत्रं मला पाठ होती. बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात काठिण्य निर्देशांक आणि भेदन निर्देशांक यांच्यावर टीप लिहायला येतेच. मीही ती लिहून चांगले गुण मिळवले होते. बाईंनी मला विचारलं, "अहो सर, टीप राहू दे. एका तरी खऱ्या प्रश्नाचा निर्देशांक कधी काढलाय का?" काढला नव्हता. आमच्या कॉलेजात कुणीच काढला नव्हता, त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटलंही नाही. बाई मात्र "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

२०१८ साली दहावीची पुस्तकं बदलली. नव्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. जुन्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका फारशा उपयोगाच्या राहिल्या नाहीत आणि जो तो बाहेरून छापून येणाऱ्या सराव प्रश्नपत्रिका आणायला लागला. आमच्याकडेही अशी एक आली. ४० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सोबत उत्तरसूची. दोन्ही तुकड्या मिळून ७४ मुलांनी ती सोडवली. उत्तरसूची समोर ठेवून मी पेपर तपासले आणि यादी लावून टाकली. त्या संध्याकाळी बाईंनी तो गठ्ठा टेबलावर मागवला.

आधी त्यांनी प्रत्येक पेपरचा नावाचा कोपरा मागे दुमडायला लावला. नाव दिसलं की आपण त्या प्रश्नाबद्दल विचार करत नाही, त्या पोराबद्दल करतो, असं त्यांचं म्हणणं. मग सगळे पेपर एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावले. वरचे २० वेगळे काढले, खालचे २० वेगळे काढले, आणि मधले ३४ सुतळी बांधून बाजूला ठेवून दिले. सीमेवर दोघांचे गुण सारखे आले तर त्यांतला एक पेपर डोळे मिटून उचलायचा. त्यात फार विचार करण्यासारखं काही नसतं.

बरोबर २०च का, हे मी विचारलं. ७४ चे २७ टक्के म्हणजे २०. हा २७ चा आकडा ट्रूमन केली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ साली गणित मांडून काढला. फक्त अगदी वरची आणि अगदी खालची चार-पाच मुलं घेतली, तर दोन गटांतला फरक ठळक दिसतो. पण चार-पाच जणांच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही. उलट वर्गाचे सरळ दोन अर्धे केले, तर संख्या भरपूर मिळते. पण मधली मुलं दोन्हीकडे शिरून फरक पुसून टाकतात. दोन्ही गरजा एकाच वेळी जास्तीत जास्त भागतात त्या २७ टक्क्यांच्या आसपास. बाईंना केलीचं नाव माहीत होतं, पण ते त्या क्वचित घेत. "एवढे घ्यायचे" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. तुकडी लहान असेल तर त्या सरळ वरचा आणि खालचा तिसरा हिस्सा घेत. वीसएक मुलं असली तर अर्धा-अर्धा वर्ग घेत, आणि मग येणाऱ्या आकड्याकडे जरा संशयानेच बघत.

मग रेघांच्या कागदावर तक्ता. प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी, एक वरच्या गटाची आणि एक खालच्या गटाची. रकाने पाच. चार पर्यायांचे चार आणि पाचवा 'कोरे'. बरोबर पर्यायाभोवती लाल पेनाने गोल. मी एकेक पेपर उलटत उत्तर वाचायचं आणि बाईंनी काट्या मारायच्या, पाचवी काटी आडवी. ४० पेपरांतल्या ४० प्रश्नांना दोघांना दोन संध्याकाळी लागल्या. बहुतेक शिक्षक फक्त किती जणांचं बरोबर आलं एवढंच मोजतात. बाई कुणी काय निवडलं ते मोजायच्या. सगळी मेख त्या चार रकान्यांत आहे, हे मला तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कळायला लागलं.

गणित सोपं आहे. एखाद्या प्रश्नाला वरच्या गटातल्या १५ जणांनी आणि खालच्या गटातल्या ४ जणांनी बरोबर उत्तर दिलं, तर दोन्हींची बेरीज १९. तिला ४० ने भागलं की काठिण्य निर्देशांक येतो, साडेसत्तेचाळीस टक्के. दोन्हींची वजाबाकी ११. तिला एका गटाच्या संख्येने, म्हणजे २० ने भागलं की भेदन निर्देशांक येतो, ०.५५. पहिला आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, ही उलटी गोष्ट पहिले काही दिवस जिभेवर बसत नाही. दुसरा आकडा उणे एकपासून अधिक एकपर्यंत कुठेही असू शकतो, आणि ज्यांना विषय येतो आणि ज्यांना येत नाही त्यांना हा प्रश्न किती वेगळं करतो, ते तो सांगतो. रॉबर्ट एबल यांनी घालून दिलेल्या मर्यादा अजूनही सगळीकडे वापरतात. ०.४० किंवा त्याच्या वर प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ डागडुजी करण्याजोगा, आणि त्याखाली गेला तर टाकून द्यावा किंवा पुन्हा लिहावा. बाईंच्या तक्त्याच्या कोपऱ्यात या मर्यादा पेन्सिलीने लिहिलेल्या असत. पेनाने नाही. त्याचं कारण नंतर येईल.

सातव्या प्रश्नाशी आम्ही आलो तेव्हा बाईंचा हात थांबला. प्रश्न असा होता: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असतो तेव्हा त्याचं त्वरण किती असतं? हवेचा रोध धरू नका. उत्तरसूचीत उत्तर 'अ', म्हणजे शून्य. तक्ता असा दिसत होता.

| | अ: शून्य | आ: ९.८, खाली | इ: ९.८, वर | ई: ४.९, खाली | कोरे |
|---|---|---|---|---|---|
| वरचा गट | ६ | १३ | १ | ० | ० |
| खालचा गट | ११ | ३ | ४ | १ | १ |

सूचीप्रमाणे बरोबर उत्तरं वर ६, खाली ११. बेरीज १७, काठिण्य साडेबेचाळीस टक्के. नुसता हाच आकडा पाहिला असता तर कुणालाही वाटलं असतं की मध्यम अवघड, छान प्रश्न आहे. भेदन मात्र उणे पाच भागिले वीस, म्हणजे उणे ०.२५. ज्यांना भौतिकशास्त्र येत नाही त्यांना हा प्रश्न येतो आणि ज्यांना येतं त्यांना येत नाही, असं तो आकडा म्हणत होता.

बाईंनी मला काही सांगितलं नाही. 'आ'च्या रकान्यातल्या १३ वर बोट ठेवलं आणि गप्प बसल्या. चेंडू वर थांबतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, पण गुरुत्वाकर्षण काही क्षणभर सुट्टीवर जात नाही. त्वरण तिथेही ९.८ च, खालच्या दिशेने. तसं नसतं तर चेंडू वरच राहिला असता. उत्तरसूची करणाऱ्याने वेग आणि त्वरण यांची गल्लत केली होती, आणि नेमकी तीच गल्लत करणाऱ्या मुलांना गुण मिळाले होते. वरच्या गटातल्या तेरा मुलांचा एकेक गुण आमच्या यादीतून गेला होता.

आता लाल गोल 'अ'वरून पुसून 'आ'भोवती काढला. तीच मुलं, तीच उत्तरं. बरोबर वर १३, खाली ३. काठिण्य ४० टक्के, भेदन ०.५०. एका क्षणापूर्वी फेकून द्यावा असा वाटणारा प्रश्न अख्ख्या पेपरातल्या सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी एक ठरला. भेदन उणे आलं की प्रश्नावर शंका घेण्याआधी उत्तरसूची पाहायची, हा बाईंचा पहिला नियम मी तेव्हा घेतला. सूची ठीक असेल तर मग प्रश्नाची भाषा पाहायची. एखादा 'नाही' नजरेतून सुटण्यासारखा आहे का, किंवा हुशार मुलाला दोन पर्याय खरे वाटण्याजोगे आहेत का. आणि हे दोन्ही ठीक असेल, तर आपण तो भाग शिकवला कसा, ते आठवून पाहायचं.

पुढे प्रश्न आला तो गुण फिरवायचा. सगळ्या ७४ पेपरांवर सातवा प्रश्न पुन्हा तपासायचा, असं बाईंनी ठरवलं. 'अ' लिहिणाऱ्यांचा गुण काढून घ्यायचा का, यावर आमचं जमलं नाही. छापील सूचीची शिक्षा मुलांना नको, असं माझं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या, चुकीच्या उत्तराला गुण ठेवला तर ते मूल ती चूक बारावीपर्यंत घेऊन जाईल. शेवटी त्यांचं ऐकलं. गुण बदलल्यामुळे क्रमही थोडा हलला. सीमेवरचे दोन पेपर एका गटातून बाहेर गेले आणि दोन आत आले. आकडे जवळपास तेच राहिले. या वादात माझं अजूनही थोडं माझ्या बाजूनेच मत आहे.

चंद्रावरच्या वस्तुमानाचा प्रश्न याच्या अगदी उलट होता. तिथे आकडे देखणे होते. पृथ्वीवर ६० किलो वस्तुमान असलेल्या माणसाचं चंद्रावर वस्तुमान किती? पर्याय १० किलो, ६० किलो, ३६० किलो, शून्य. उत्तर अर्थातच ६०. कमी होतं ते वजन. वरच्या गटात १७ जणांचं बरोबर, खालच्या गटात ८ जणांचं. काठिण्य साडेबासष्ट टक्के, भेदन ०.४५. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही २५ टक्के मुलांचं बरोबर येतं. त्या २५ च्या आणि १०० च्या बरोबर मधला आकडा साडेबासष्ट, म्हणून तो आदर्श मानतात. मी खूश झालो.

बाईंनी बाकीचे रकाने दाखवले. ३६० कुणीच निवडला नव्हता, ना वर ना खाली. शून्य लिहिणारा खालच्या गटातला एक. चुकलेली बाकीची १४ मुलं सगळीच्या सगळी १० वर गेली होती. चुकीचे पर्याय हे चकवे असतात. ज्याला उत्तर येत नाही त्याला ते खरे वाटले पाहिजेत. ज्या चकव्याकडे शंभरातली पाच मुलंही वळत नाहीत तो पेपरावर जागा अडवून बसलेला असतो. इथे असे दोन होते. म्हणजे छापील पर्याय चार असले तरी मुलांच्या लेखी दोनच होते, आणि काहीच येत नसलेल्या मुलाला नाणं उडवून निम्मी संधी मिळत होती. खालच्या गटातले ते ८ जण जाणकार होते की नशीबवान, हे या प्रश्नावरून कळायला मार्गच नव्हता.

चकवे टेबलाशी बसून सुचत नाहीत, ते मुलांच्या वहीत सापडतात, असं बाई म्हणायच्या आणि तसंच करायच्या. हाच प्रश्न त्यांनी पर्यायांशिवाय दुसऱ्या एका तुकडीला फळ्यावर दिला आणि वह्या गोळा केल्या. तिथे ५८८ हे उत्तर पुन्हा पुन्हा सापडलं. मुलांनी ६० ला ९.८ ने गुणलं होतं, म्हणजे पृथ्वीवरचं वजन न्यूटनमध्ये काढून त्याला किलो म्हटलं होतं. एका वहीत ९८ होतं. त्या मुलीने ५८८ ला पुढे सहाने भागलं होतं. पुढच्या वर्षीच्या प्रश्नात ३६० आणि शून्य यांच्या जागी हे दोन आकडे बसले. मुलांच्याच चुका मुलांना चकवायला. हा मार्ग मला जरा निष्ठुर वाटला होता, पण त्याहून प्रामाणिक चकवा मला अजून सापडलेला नाही.

पेपराच्या शेवटच्या प्रश्नांत आणखी एक गंमत होती. एकोणचाळिसाव्या प्रश्नाचं काठिण्य २५ टक्क्यांच्याही खाली आलं. भिंगाचं उदाहरण होतं, तसं साधं. पण पाचव्या रकान्यात खालच्या गटातल्या बारा जणांनी आणि वरच्या गटातल्या पाच जणांनी जागा कोरी सोडली होती. अडतिसाव्याचं आणि चाळिसाव्याचं चित्रही असंच. तिथे मुलं अडखळली नव्हती, घंटा आधी झाली होती. अशा प्रश्नांच्या निर्देशांकातून प्रश्नाबद्दल काहीच कळत नाही. पेपर वेळेच्या मानाने लांब होता एवढंच कळतं. बाईंनी त्या तीन प्रश्नांसमोर आकडे लिहिलेच नाहीत, आडवी रेघ मारली.

आणि पहिला प्रश्न. गुरुत्व त्वरणाचं एकक विचारणारा. वर २०, खाली १८. काठिण्य ९५ टक्के, भेदन ०.१०. एबलच्या मर्यादेत हा नापास. मी त्यावर काट मारायला गेलो तर बाईंनी पेन धरला. सगळ्यांनाच येतं ते भेद कसा करणार? दोन्ही गटांना आलं, म्हणजे शिकवलेलं पोचलं. शिवाय पेपराची सुरुवात कुणालाही येणाऱ्या प्रश्नाने व्हावी, हे त्यांचं जुनं मत. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेत मुलं निवडायची असतात, तिथे असा प्रश्न वाया जातो. घटक चाचणीत धडा कळला का ते पाहायचं असतं, तिथे असे प्रश्न असायलाच हवेत. परीक्षा कशासाठी घेतली हे ठाऊक नसताना निर्देशांक वाचायचा नाही. पेन्सिलीचं कारण हे. मर्यादा प्रत्येक परीक्षेला पुन्हा ठरवायच्या, म्हणून त्या खोडता आल्या पाहिजेत.

पेन्सिलीचं दुसरं कारण संख्या. एकाच तुकडीत ३७ मुलं असली तर गट दहाचा होतो, आणि तिथे एका मुलाच्या एका काटीने भेदन ०.१० ने वर-खाली जातं. ०.२० आणि ०.३० यांतला फरक म्हणजे कुणा एकाला सकाळी ताप होता की नाही एवढाच असू शकतो. म्हणून बाई एका परीक्षेवरून प्रश्नाचा निकाल लावत नसत. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं होती. कार्डाच्या पुढे प्रश्न आणि पर्याय, मागे दर वेळची नोंद: महिना-वर्ष, किती मुलं, दोन्ही गटांचे पाच-पाच रकाने आणि दोन निर्देशांक. काही कार्डांवर पाच-सहा नोंदी होत्या, वेगवेगळ्या शाईच्या. तीन वेळा सलग भेदन पडलं की कार्ड खोक्याच्या मागच्या कप्प्यात जाई.

दीर्घोत्तरी प्रश्नांचं काय, हेही मी विचारलं होतं. त्याला त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं. पाच गुणांच्या प्रश्नाला वरच्या गटाची सरासरी ४ आणि खालच्या गटाची दीड असेल, तर दोन्ही सरासरींच्या मधला आकडा पावणेतीन. तो पाचाने भागला की काठिण्य ५५ टक्के; आणि सरासरींमधला फरक अडीच पाचाने भागला की भेदन ०.५०. बाकी सगळं तसंच.

एक गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली, आणि ती कुठल्या टिपेत मी वाचली नव्हती. भेदन निर्देशांक प्रश्नाला अख्ख्या पेपराशी जुळवून पाहतो. वरचा गट कोणता, हे ठरतं ते त्याच पेपरातल्या एकूण गुणांवरून. पेपर सगळा घोकंपट्टीचा असेल तर घोकणारी मुलं वरच्या गटात बसतात, आणि मग विचार करायला लावणारा एकुलता एक प्रश्न कमी भेदन घेऊन नापास होतो. तो फेकून दिला तर पुढचा पेपर आणखी घोकीव होतो, आणि आकडे आणखी देखणे. "आकडा चांगला आला म्हणून प्रश्न चांगला नसतो. बाकीच्यांसारखा असतो, एवढंच," असं त्या म्हणाल्या. शेजारी मुलांच्या जर्नल्सची रास पडली होती. तिच्याकडे पाहून हसल्याही.

म्हणूनच तक्ता पुरा झाल्यावर त्या मुलांना बोलवायच्या. वरच्या गटातून चुकलेली दोन आणि खालच्या गटातून बरोबर आलेली दोन. कोपरा उलगडून नाव पाहायचं ते या वेळी. कुणाला रागवायचं नाही, "बरोबर-चूक जाऊ दे, हे तुला सुचलं कसं" एवढंच विचारायचं. सातव्या प्रश्नाला खालच्या गटातल्या ज्या तिघांचं बरोबर होतं त्यांतला एकजण क्रिकेट खेळणारा होता. तो म्हणाला, "बाई, उंच झेल घेताना चेंडू वर जाऊन थांबतो असं वाटतं, पण थांबला असता तर खाली कशाला आला असता?" बाईंनी ते वाक्य कार्डाच्या मागे आहे तसं लिहून ठेवलं.

आता काट्या मारायला मला दुसऱ्याची गरज पडत नाही. उत्तरं संगणकात एका ओळीत एक मूल अशी भरतो, एकूण गुणांवर उतरती लावतो. पहिली ओळ शीर्षकाची धरली तर ७४ मुलं दुसऱ्यापासून पंचाहत्तराव्या ओळीपर्यंत बसतात. वरचा गट २ ते २१, खालचा गट ५६ ते ७५. सातव्या प्रश्नाची उत्तरं H रकान्यात असतील आणि बरोबर उत्तर B असेल, तर भेदन असं निघतं:

```
=(COUNTIF(H2:H21,"B")-COUNTIF(H56:H75,"B"))/20
```

यातले दोन COUNTIF सुटे लिहून आणि B च्या जागी A, C, D घालून दोन्ही गटांची पर्यायनिहाय मोजणीही करून घ्यावी. फक्त बरोबर उत्तराचं सूत्र ओढून सोडलं, तर ३६० सारखे मेलेले पर्याय दिसत नाहीत. संगणकामुळे काम मिनिटांवर आलं, पण आमच्याच स्टाफरूममध्ये मी पाहतो की रंगीत रकान्यात लाल दिसलेले प्रश्न लोक न वाचताच पुसून टाकतात. सातवा प्रश्न असाच पुसला गेला असता.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी बुटांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. निरोप समारंभात माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मी शाल-श्रीफळाच्या पलीकडे काही बोलू शकलो नाही. ही कार्डं म्हणजे काय, हे पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. त्यांत माझ्या अक्षरातल्या नोंदी आता त्यांच्या नोंदींहून जास्त झाल्या आहेत. चेंडूच्या प्रश्नाचं भेदन गेली काही वर्षं खाली येतंय आणि काठिण्याचा आकडा वर चढतोय. प्रश्न गावभर झालाय, उत्तर विचार न करता येतं. लवकरच तो मागच्या कप्प्यात जाईल. चंद्राच्या प्रश्नाचं मात्र वेगळंच झालं. नवे चकवे बसवल्यावर दोन वर्षं तो उत्तम चालला, आणि मग एका वर्षी वरच्या गटातलीच सात मुलं १० किलोवर गेली. भेदन ०.१५ वर आलं. मी बाईंना फोन केला. त्यांनी निर्देशांक ऐकूनच घेतला नाही, पर्यायांचे रकाने वाचायला सांगितले आणि म्हणाल्या, "अहो, मला काय विचारताय? त्या सातांपैकी दोघांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं. पहिलीने सांगितलं की, क्लासमध्ये एक युक्ती दिली आहे: प्रश्नात चंद्र आला की सहाने भागायचं, पुढचं वाचायचं नाही. दुसरीला तीच युक्ती दुसऱ्या एका क्लासमध्ये दिली होती. त्या आठवड्यात मी नवं कार्ड केलं. त्यावर चंद्राचं नाव नाही. एका कल्पित ग्रहाची त्रिज्या आणि वस्तुमान दिलं आहे आणि त्या माणसाचं वस्तुमान नि वजन दोन्ही विचारलं आहे. पहिल्या नोंदीत काठिण्य ३५ टक्के आलं, भेदन ०.४०, आणि कोऱ्या जागा बऱ्याच. पुढच्या परीक्षेला तो प्रश्न पेपरात जरा आधी ठेवून पाहणार आहे.